एकच सर्किट, दोन प्रमेये: सुपरपोझिशन आणि थेवेनिन यांची गणिते पायरीपायरीने

बेसिक इलेक्ट्रिकलच्या असाइनमेंटमध्ये सुपरपोझिशन आणि थेवेनिन यांवरची गणिते हमखास असतात, आणि वह्या तपासताना मला वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसत आली आहे: बहुतेक चुका आकडेमोडीत नसून आकृतीत असतात. सोर्स काढल्यानंतर सर्किट पुन्हा रेखाटायचे असते. ते न करता मूळ आकृतीवरच पेन्सिलने फुली मारली जाते आणि त्या फुलीचा अर्थ ‘तार जोडली’ की ‘तार तोडली’ हे दोन ओळींनंतर लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. म्हणून या लेखात अनेक गणिते घेण्याऐवजी एकच सर्किट घेतले आहे. ते आधी सुपरपोझिशनने सोडवू, मग थेवेनिनने सोडवू, म्हणजे एका पद्धतीचे उत्तर दुसऱ्या पद्धतीने पडताळता येईल, आणि चूक झालीच तर चुकीच्या आकड्यावरून ती कुठे झाली हेही ओळखता येईल.

सर्किट आणि प्रश्न

```
     6Ω   A        4Ω   C
 +--/\/\--+----+--/\/\--+
 |        |    |        |
24V      12Ω  3A(↑)    8Ω
 |        |    |        |
 +--------+----+--------+
                        B
```

डावीकडे २४ व्होल्टचा सोर्स असून त्याचे धन टोक ६ ओहमच्या रेझिस्टन्समधून नोड A ला जोडलेले आहे. A पासून खालच्या सामाईक तारेपर्यंत, म्हणजे B पर्यंत, १२ ओहमचा रेझिस्टन्स आहे. त्याच्याच शेजारी ३ अँपिअरचा करंट सोर्स असून त्याचा बाण वर आहे, म्हणजे तो A मध्ये करंट ढकलतो. A पासून ४ ओहममधून आपण C पर्यंत पोहोचतो, आणि C व B यांच्यामध्ये ८ ओहमचा लोड आहे. या लोडमधून वाहणारा करंट काढायचा आहे.

आकडे लिहायला घेण्यापूर्वी आकृतीवर दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. B ला शून्य व्होल्ट मानावे, आणि लोडमधील करंटची धन दिशा C कडून B कडे अशी बाणाने दाखवावी. हा बाण एकदा काढला की संपूर्ण गणितात बदलायचा नाही. सुपरपोझिशनमध्ये प्रत्येक सोर्सचे योगदान चिन्हासह मिळवायचे असते आणि संदर्भाची दिशा मध्येच उलटली तर वजाबाकीची बेरीज होऊन बसते.

सुपरपोझिशनने उत्तर

प्रमेयाचे म्हणणे असे: रेषीय सर्किटमध्ये अनेक स्वतंत्र सोर्स असतील, तर कोणत्याही शाखेतील करंट हा प्रत्येक सोर्स एकेकटा कार्यरत असताना त्या शाखेतून वाहणाऱ्या करंटांच्या बीजगणितीय बेरजेइतका असतो. एक सोर्स कार्यरत असताना बाकीचे ‘शून्य’ करायचे असतात, आणि हा शून्य शब्द नीट समजून घ्यावा लागतो. व्होल्टेज सोर्स शून्य करणे म्हणजे त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज शून्य करणे, आणि ज्याच्या टोकांमध्ये कधीच व्होल्टेज नसते अशी वस्तू म्हणजे साधी तार. म्हणून तेथे शॉर्ट येतो. करंट सोर्स शून्य करणे म्हणजे त्याच्यातून वाहणारा करंट शून्य करणे, आणि जिच्यातून कधीच करंट वाहत नाही अशी वस्तू म्हणजे तुटलेली तार. म्हणून तेथे ओपन येतो. हा अर्थ ध्यानात राहिला की ‘कोणाचे शॉर्ट, कोणाचे ओपन’ हे पाठ करावे लागत नाही.

पहिली पायरी म्हणजे फक्त २४ व्होल्टचा सोर्स ठेवणे. ३ अँपिअरचा सोर्स आकृतीतून पूर्ण काढून टाका आणि सर्किट नव्याने रेखाटा. आता A च्या उजव्या बाजूला ४ ओहम आणि ८ ओहम मालिकेत आहेत, म्हणजे ती शाखा १२ ओहमची झाली. तिला समांतर आणखी एक १२ ओहम आहे. दोन समान रेझिस्टन्स समांतर असले की निम्मे होतात, म्हणून A पासून B पर्यंत ६ ओहम. हे ६ ओहम सोर्सच्या ६ ओहमबरोबर मालिकेत असल्यामुळे २४ व्होल्ट बरोबर अर्धे वाटले जातात.

```
V_A'  = 24 × 6/(6+6) = 12 V
I_L'  = 12/(4+8)     = 1 A      (C → B)
```

दुसरी पायरी म्हणजे फक्त ३ अँपिअरचा सोर्स ठेवणे. २४ व्होल्टच्या सोर्सच्या जागी तार काढा. असे केल्यावर ६ ओहमचे डावे टोक थेट B ला जोडले जाते, म्हणजे ६ ओहम हा आता A आणि B यांच्यामध्ये उभा आहे. नवी आकृती न काढणाऱ्याला नेमके हेच दिसत नाही, कारण मूळ आकृतीत तो आडवा असतो आणि सोर्सबरोबर मालिकेत भासतो. आता A पासून B पर्यंत तीन वाटा आहेत: ६ ओहम, १२ ओहम, आणि लोडची १२ ओहमची शाखा. दोन १२ समांतर म्हणजे ६, आणि ६ ला ६ समांतर म्हणजे ३ ओहम.

```
V_A'' = 3 × 3    = 9 V
I_L'' = 9/(4+8)  = 0.75 A   (C → B)
```

दोन्ही योगदाने आपण ठरवलेल्या बाणाच्याच दिशेने आहेत, म्हणून बेरीज करायची.

```
I_L = 1 + 0.75 = 1.75 A
```

बहुतेक वह्यांमध्ये गणित येथेच संपते, पण खरी परीक्षा डाव्या बाजूच्या ६ ओहमची आहे. पहिल्या पायरीत त्याच्यातून (२४ − १२)/६ म्हणजे २ अँपिअर डावीकडून उजवीकडे वाहतात. दुसऱ्या पायरीत A वर ९ व्होल्ट आहेत आणि ६ ओहमचे दुसरे टोक शून्यावर आहे, म्हणून त्याच्यातून १.५ अँपिअर वाहतात, पण उजवीकडून डावीकडे. म्हणजे प्रत्यक्ष करंट २ − १.५ = ०.५ अँपिअर, डावीकडून उजवीकडे. ज्याने दिशेकडे लक्ष दिलेले नसते, त्याच्या वहीत येथे ३.५ येतात. प्रश्नात फक्त लोडचा करंट विचारला असला तरी ही एक शाखा काढून पाहावी, कारण तिच्यामुळे नोड A वर पडताळा घेता येतो. A मध्ये येणारा करंट ०.५ + ३ = ३.५ अँपिअर. A वरचे एकूण व्होल्टेज १२ + ९ = २१ व्होल्ट, म्हणून १२ ओहममधून २१/१२ = १.७५ अँपिअर बाहेर जातात आणि लोडच्या शाखेतून १.७५ अँपिअर. बाहेर जाणारे एकूण ३.५. दोन्ही बाजू जुळतात.

पॉवर अशी मिळवता येत नाही

असाइनमेंटमध्ये पुढचा उपप्रश्न बहुधा ‘लोडमध्ये खर्च होणारी पॉवर काढा’ असा असतो आणि तेथे एक अगदी नैसर्गिक वाटणारी चूक होते. पहिल्या सोर्समुळे १ अँपिअर, म्हणून १² × ८ = ८ वॅट; दुसऱ्यामुळे ०.७५ अँपिअर, म्हणून ०.७५² × ८ = ४.५ वॅट, बेरीज १२.५ वॅट. प्रत्यक्ष पॉवर मात्र १.७५² × ८ = २४.५ वॅट, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे. राहून गेलेले १२ वॅट कोठे गेले, हे वर्ग उलगडल्यावर दिसते.

```
(1 + 0.75)² × 8 = 1²×8 + 0.75²×8 + 2×1×0.75×8
                = 8    + 4.5     + 12  = 24.5 W
```

करंट आणि व्होल्टेज सोर्सच्या प्रमाणात बदलतात म्हणून त्यांची बेरीज चालते. पॉवर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि वर्गाच्या विस्तारात तो मधला गुणाकार येतो. तो एकट्या एका सोर्सच्या खात्यात टाकताच येत नाही. म्हणून आधी करंटची बेरीज पूर्ण करावी आणि मगच पॉवर काढावी.

संपूर्ण सर्किटच्या पॉवरचा ताळेबंदही येथे मांडून पाहण्यासारखा आहे. २४ व्होल्टचा सोर्स ०.५ अँपिअर देतो, म्हणजे १२ वॅट. करंट सोर्सच्या टोकांमध्ये २१ व्होल्ट आहेत, म्हणून तो ६३ वॅट देतो. एकूण ७५ वॅट. खर्चाची बाजू: ६ ओहममध्ये १.५, १२ ओहममध्ये ३६.७५, ४ ओहममध्ये १२.२५ आणि लोडमध्ये २४.५ वॅट, बेरीज पुन्हा ७५. हा ताळेबंद जुळला की उत्तराबद्दल शंका उरत नाही, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याने तो असाइनमेंटमध्ये अवश्य लिहावा.

तेच सर्किट थेवेनिनने

लेऑन शार्ल थेवेनिन हे फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंते होते आणि त्यांनी हे प्रमेय १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच हा विचार मांडला होता, तरी नाव थेवेनिन यांचेच रूढ झाले. प्रमेय असे सांगते की दोन टोकांमधून पाहिलेले कोणतेही रेषीय सर्किट, त्या टोकांना जोडलेल्या लोडच्या दृष्टीने, एक व्होल्टेज सोर्स आणि त्याच्याबरोबर मालिकेत असलेला एक रेझिस्टन्स यांच्याइतकेच असते. ‘त्या टोकांना जोडलेल्या लोडच्या दृष्टीने’ ही अट महत्त्वाची आहे. तिच्याकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

पहिली पायरी म्हणजे लोड काढणे. ८ ओहम आकृतीतून खोडा आणि C व B ही दोन टोके मोकळी ठेवून त्यांना ठळक टिंबे द्या. आता C पुढे वाट नाही, त्यामुळे ४ ओहममधून करंट वाहत नाही, त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही, आणि C वरचे व्होल्टेज A वरच्या व्होल्टेजइतकेच असते. अनेक विद्यार्थी येथे ४ ओहम व्होल्टेजच्या वाटपात धरतात. ते चूक आहे.

दुसरी पायरी थेवेनिन व्होल्टेजची. सर्किटमध्ये दोन सोर्स असल्यामुळे येथे सुपरपोझिशनच वापरता येते. फक्त २४ व्होल्ट असताना A वर २४ × १२/१८ = १६ व्होल्ट. फक्त ३ अँपिअर असताना ६ आणि १२ समांतर म्हणजे ४ ओहम, त्यावर ३ × ४ = १२ व्होल्ट.

```
V_th = 16 + 12 = 28 V
```

हे उत्तर २४ पेक्षा मोठे आहे म्हणून दचकू नये. करंट सोर्स A मध्ये करंट ढकलत आहे आणि लोड काढल्यामुळे त्याची एक वाट बंद झाली आहे. म्हणून A चे व्होल्टेज चढते आणि ६ ओहममधील करंट उलटून व्होल्टेज सोर्सकडे जातो.

तिसरी पायरी थेवेनिन रेझिस्टन्सची. दोन्ही सोर्स शून्य करा: २४ व्होल्टच्या जागी तार, ३ अँपिअरच्या जागी मोकळी जागा. आता आपण C आणि B या टोकांवर उभे आहोत आणि आत पाहत आहोत, अशी कल्पना करा. C कडून निघाल्यावर आधी ४ ओहम भेटतो, त्याला पर्याय नाही. मग A वर येऊन दोन वाटा फुटतात, ६ ओहम आणि १२ ओहम, आणि दोन्ही B ला मिळतात.

```
R_th = 4 + (6×12)/(6+12) = 4 + 4 = 8 Ω
```

कोणत्या टोकांवरून पाहायचे याचा गोंधळ येथे फार होतो. सोर्सच्या टोकांवरून पाहणारा ६ + (१२ ∥ ४) = ९ ओहम लिहितो. ती संख्या दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर आहे.

चौथ्या पायरीत २८ व्होल्टचा सोर्स, ८ ओहमचा रेझिस्टन्स आणि पुन्हा जोडलेला ८ ओहमचा लोड अशी छोटी आकृती काढून उत्तर लिहायचे.

```
I_L = 28/(8+8) = 1.75 A
```

सुपरपोझिशनने आलेले उत्तर हेच होते. शिवाय लोडचे मूल्य आणि थेवेनिन रेझिस्टन्स समान असल्यामुळे २४.५ वॅट ही या टोकांमधून मिळू शकणारी कमाल पॉवर आहे, हेही आपोआप कळले.

R_th ची दुसऱ्या वाटेने पडताळणी

थेवेनिन व्होल्टेज आणि रेझिस्टन्स हे दोन वेगवेगळ्या आकृत्यांवरून काढलेले असतात, म्हणून त्यांची चूक एकमेकांत दिसत नाही. त्यासाठी शॉर्ट सर्किट करंट काढावा. C आणि B थेट तारेने जोडा. सर्व सोर्स कार्यरत ठेवा. आता ४ ओहमही A आणि B यांच्यामध्ये आला. नोड A चे समीकरण लिहिले की काम होते.

```
(24 − V_A)/6 + 3 = V_A/12 + V_A/4
7 = V_A × (1/6 + 1/12 + 1/4) = V_A/2
V_A  = 14 V
I_sc = 14/4 = 3.5 A
V_th/I_sc = 28/3.5 = 8 Ω
```

चुकीचे उत्तर आले तर आकडाच चूक सांगतो. R_th १६ ओहम आला असेल, तर व्होल्टेज सोर्सच्या जागी तार न घालता तो तोडला गेला आहे, त्यामुळे ६ ओहमची वाटच नाहीशी होऊन १२ + ४ उरले. ४ ओहम आला असेल, तर दोन शक्यता आहेत: करंट सोर्स ओपन करण्याऐवजी शॉर्ट झाला आणि A थेट B ला चिकटला, किंवा लोड काढायचा राहून गेला आणि ८ ला ८ समांतर झाले. आणि सुपरपोझिशनमध्ये लोडचा करंट २.५ अँपिअर आला असेल, तर दुसऱ्या पायरीत व्होल्टेज सोर्स तोडलेला आहे. कारण मग ३ अँपिअर दोन समान १२ ओहममध्ये वाटले जाऊन १.५ मिळतात आणि त्यात पहिल्या पायरीचा १ मिळतो.

थेवेनिनचे खरे काम लोड बदलल्यावर दिसते

परीक्षेत ‘लोड ६ ओहम, २० ओहम आणि ४८ ओहम असताना करंट काढा’ असे विचारले, तर सुपरपोझिशनमध्ये प्रत्येक लोडसाठी दोन आकृत्या पुन्हा सोडवाव्या लागतील. थेवेनिनमध्ये मात्र २८ ला अनुक्रमे १४, २८ आणि ५६ ने भागले की २, १ आणि ०.५ अँपिअर ही तिन्ही उत्तरे मिळतात. प्रश्नात एकाच शाखेचा करंट वेगवेगळ्या लोडसाठी विचारला असेल तर थेवेनिन घ्यावा, आणि कोणत्या सोर्सचा किती वाटा हे विचारले असेल तर सुपरपोझिशन घ्यावे. मी विद्यार्थ्यांना निवडीचा एवढाच नियम सांगतो.

दुसरा फायदा पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेला असतो, पण तो मोठा आहे. रेषीयतेची अट टोकांच्या आतल्या सर्किटला आहे, बाहेरच्या लोडला नाही. लोडच्या जागी एलईडी लावला, तर संपूर्ण सर्किटला सुपरपोझिशन लावता येत नाही, कारण एलईडीचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही. आतला भाग मात्र अजूनही रेषीय आहे, म्हणून त्याचा थेवेनिन बनवून त्याला एलईडी जोडता येतो. याचे उदाहरण शेवटच्या भागात येईल.

आता त्या राहिलेल्या अटीकडे येऊ. थेवेनिनचे समतुल्य सर्किट टोकांच्या बाहेर काय होते ते बरोबर सांगते. आत काय होते ते सांगत नाही. आपल्या समतुल्य सर्किटमध्ये लोड जोडलेला असताना ८ ओहमच्या थेवेनिन रेझिस्टन्समध्ये २४.५ वॅट खर्च होताना दिसतात, तर मूळ सर्किटच्या आतल्या तीन रेझिस्टन्समध्ये मिळून ५०.५ वॅट खर्च होतात. लोड काढून टाकला तर तफावत आणखी ठळक होते: समतुल्य सर्किटमध्ये करंटच नाही, म्हणून खर्च शून्य, मूळ सर्किटमध्ये मात्र एकट्या १२ ओहममध्ये २८²/१२, म्हणजे ६५ वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होत असते. म्हणून ‘सोर्सने दिलेली पॉवर’ किंवा ‘सर्किटची कार्यक्षमता’ विचारली असेल तर मूळ आकृतीकडेच परत जावे.

अवलंबित सोर्स असल्यास

असाइनमेंटच्या शेवटच्या प्रश्नात सहसा चौकटीच्या आकाराचा, म्हणजे अवलंबित सोर्स असतो. त्याचे मूल्य सर्किटमधील दुसऱ्या एखाद्या करंटवर किंवा व्होल्टेजवर ठरते, म्हणून तो आपल्या मर्जीने शून्य करता येत नाही. सुपरपोझिशनच्या प्रत्येक आकृतीत तो जसाच्या तसा राहतो, आणि थेवेनिन रेझिस्टन्स काढतानाही तो राहतो.

आपल्याच सर्किटमध्ये ३ अँपिअरचा सोर्स काढून त्याच्या जागी असा अवलंबित करंट सोर्स ठेवू, जो A मधून B कडे 3·i_x इतका करंट ओढतो. येथे i_x म्हणजे १२ ओहममधून A कडून B कडे जाणारा करंट. म्हणजे i_x = V_A/12, आणि सोर्स ओढतो तो करंट V_A/4. टोके मोकळी असताना नोड A चे समीकरण असे होते:

```
(24 − V_A)/6 = V_A/12 + V_A/4
4 = V_A/2
V_th = V_A = 8 V
```

R_th साठी २४ व्होल्टच्या जागी तार घालायची, अवलंबित सोर्स ठेवायचा, आणि C मध्ये बाहेरून १ अँपिअरचा चाचणी करंट सोडायचा. तो करंट ४ ओहममधून A वर येतो आणि तेथून तीन वाटांनी जातो.

```
1 = V_A/6 + V_A/12 + V_A/4 = V_A/2
V_A = 2 V
V_C = 2 + 4×1 = 6 V
R_th = 6/1 = 6 Ω
```

अवलंबित सोर्स चुकून ओपन केला असता तर उत्तर पुन्हा ८ ओहम आले असते, आणि ते इतके ओळखीचे वाटते की शंकाही येत नाही. येथे शॉर्ट सर्किट करंटचा पडताळा घ्यावाच. C आणि B जोडल्यावर A चे समीकरण 4 = V_A/2 + V_A/4 असे होते, त्यातून V_A = 16/3 व्होल्ट, शॉर्ट करंट 4/3 अँपिअर, आणि ८ ला 4/3 ने भागले की ६ ओहम.

प्रयोगशाळेत पडताळायचे असेल तर

वरचे मूळ सर्किट ब्रेडबोर्डवर जसेच्या तसे बांधू नये; पाव वॅटचा रेझिस्टर ३६ वॅट सोसणार नाही. पण सर्किट रेषीय आहे याचा येथे फायदा घेता येतो. २४ व्होल्ट आणि ६ ओहम यांचे रूपांतर ४ अँपिअर आणि त्याला समांतर ६ ओहम असे करता येते. त्यात ३ अँपिअर मिळवले की ७ अँपिअर आणि ६ ओहम, म्हणजेच ४२ व्होल्ट आणि मालिकेत ६ ओहम. करंट सोर्स गेला. प्रयोगशाळेतील पॉवर सप्लाय साधारण ३० व्होल्टपर्यंत जातो, म्हणून व्होल्टेज निम्मे, म्हणजे २१ व्होल्ट घ्यावे, आणि सर्व ओहमचे किलोओहम करावेत. ६ आणि ४ किलोओहम बाजारात सरसकट मिळत नाहीत, पण १२ किलोओहम सहज मिळतो: दोन समांतर लावले की ६, तीन समांतर लावले की ४. असे एकूण सहा रेझिस्टर पुरतात.

आता टोके मोकळी ठेवून मल्टिमीटरने मोजले की १४ व्होल्टच्या आसपास वाचन मिळावे, म्हणजे २८ च्या निम्मे. R_th मोजताना मीटर ओहमवर लावून सप्लायचे बटण नुसते बंद करू नये; बंद सप्लाय म्हणजे तार नव्हे. सप्लायच्या दोन्ही वायरी काढाव्यात आणि त्यांच्या जागी एक जंपर घालावा, म्हणजे मीटर ८ किलोओहमच्या जवळ दाखवेल. रेझिस्टर पाच टक्के टॉलरन्सचे असतील तर ७.६ ते ८.४ यांच्यामधले कोणतेही वाचन ठीक आहे. सप्लाय सुरू ठेवूनच R_th काढायचा असेल तर टोकांमध्ये १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लोड म्हणून लावावा, व्होल्टेज मोकळ्या टोकांच्या वाचनाच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ७ व्होल्टवर येईपर्यंत तो फिरवावा, आणि मग तो काढून त्याचा रेझिस्टन्स मोजावा.

शेवटी पोटेन्शिओमीटरच्या जागी लाल एलईडी लावून पाहावा. त्याच्या टोकांमध्ये साधारण २ व्होल्ट राहतात असे धरले तर करंट (१४ − २)/८, म्हणजे १.५ मिलिअँपिअर यायला हवा. एलईडीबरोबर मालिकेत मीटर लावला की वाचन त्याच्या जवळपास मिळते.